शालिग्रामचे सहा प्रश्न

शालिग्रामला नेहमी काहीतरी वाटत असे. सकाळी वाटे की आज जवस चढणार, दुपारी वाटे की सरकी पडणार, आणि जेवून हात धुवेपर्यंत दोन्ही अंदाज बदललेले असत. नुसतं वाटायला काय पैसे पडतात, असं कुणी म्हणालं तर त्याला खुशाल शालिग्रामकडे पाठवून द्यावं. त्याला त्या वाटण्यापायी राहतं घर द्यावं लागलं होतं.

माणूस वाईट नव्हता. साखरखेर्ड्याच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला. खामगावला आला तो कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून म्हणून. तिथून खेड्यापाड्यांतलं जवस विकत घेऊन तेलघाण्यांना पुरवायला लागला. धंदा छोटा, पण बरा चालला होता. गीताबाईशी लग्न झालं, दोन मुली झाल्या, बाजारापासून जवळच तीन खोल्यांचं घर झालं. एवढ्यावर माणसानं थांबावं की नाही? पण महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, जिकडेतिकडे नव्या गोष्टींची हवा, आणि शालिग्रामच्या डोक्यात वायदा शिरला.

वायदा म्हणजे माल डोळ्यांनी न बघता पुढच्या एखाद्या महिन्याचा भाव आजच ठरवून सौदा करायचा. मुंबईच्या बाजारात जवसाचा वायदा चाले, आणि खामगावात हिंमतराव अडत्यांच्या पेढीवर बसून तो करता येई, कारण हिंमतरावांकडे टेलिफोन होता. संध्याकाळी मुंबईहून बंद भाव, म्हणजे बाजार मिटतानाचा शेवटचा भाव, येई. भाव ऐकायला पेढीच्या ओट्यावर जमणाऱ्या मंडळींत शालिग्राम सगळ्यात आधी येऊन सगळ्यात शेवटी उठायचा.

हिंमतराव स्वतः जुन्या चालीचे. पिवळा फेटा, तोंडात सुपारी, आणि बाजाराबद्दल काही विचारलं की डोळे मिटून म्हणायचे, "गरम वाटून राह्यला," म्हणजे भाव चढेल. त्यांना चाळीस वर्षांचा सराव होता आणि मागे पंचवीस एकर काळी जमीन होती, त्यामुळे त्यांचं वाटणं चुकलं तरी त्यांच्या घरी चूल पेटायची. शालिग्रामने त्यांच्याकडून वाटण्याची कला तेवढी उचलली. जमीन काही उचलता आली नाही.

मग व्हायचं ते झालं. एका हिवाळ्यात त्याला जवस गरम वाटलं म्हणून त्याने घेतलं. भाव पडला. त्याला वाटलं, इथून वळेल, म्हणून त्याने आणखी घेतलं. पुन्हा पडला. कुठे थांबायचं हे त्याने ठरवलेलंच नव्हतं, त्यामुळे तो थांबला नाही. घर विकलं गेलं तेव्हाच गीताबाईला कळलं की तिचा नवरा काय करत होता. तेही त्याच्या तोंडून नाही, घर घेणाऱ्याच्या बायकोकडून.

खामगावात त्यानंतर त्यांनी तेलघाण्यामागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. गीताबाई रडली नाही, भांडली नाही. उंद्रीच्या मळ्यातली ती बाई, मेथीच्या जुड्या बांधत मोठी झालेली. कामाचं सोडून बोलायची तिला सवय नव्हती. सामान लावून झालं तेव्हा तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"तुमचा धंदा सोडा म्हणत नाही मी," ती म्हणाली. "तुमाले दुसरं काही जमत नाही, हे मले मालूम आहे. पण काऊन घेतलं आन काऊन विकलं, हे मले आधी समजलं पाह्यजे. मागून नाही. पुढच्या अखितीले निवृत्तीदादा मले न्याले येईन. तवरोक एक सौदा जरी मले न सांगता झाला, तर मी सणाले गेली की तिकडंच राहीन. पोरीयले घेऊन."

अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीने माहेरी जायचं आणि भावाने न्यायला यायचं, ही आपल्याकडची रीतच. पण त्या दिवसापासून शालिग्रामला अखिती हा शब्द सणासारखा ऐकू येईना. गीताबाई तोंडची वाफ दवडणाऱ्यांतली नव्हती. तिकडेच राहीन म्हणाली म्हणजे ती राहणार. आणि तिच्याशिवाय, मुलींशिवाय त्या दोन खोल्यांत आपण कसे राहू, हे शालिग्रामला काही केल्या कल्पनेत आणता येत नव्हतं.

त्याने आधी भावांचं चित्र काढायला घेतलं. हिंमतरावांबरोबर एकदा मुंबईला गेला असताना तिथल्या एका दलालाच्या मुनीमाने त्याला ही युक्ती दाखवली होती. चौकटी आखलेल्या कागदावर रोज एक उभी रेघ. रेघेचं वरचं टोक म्हणजे त्या दिवसाचा सगळ्यात चढा भाव, खालचं टोक म्हणजे सगळ्यात उतरता, आणि जिथे बाजार बंद झाला तिथे उजवीकडे एक बारीक आडवी खूण. एक कागद भरला की दुसरा शेजारी डकवायचा. थोड्याच दिवसांत त्याच्या खोलीच्या भिंतीवर जवसाच्या भावाची डोंगररांग उभी राहिली. मुली तिला बाबांचे डोंगर म्हणत.

डोंगर झाले, पण त्यांच्याकडे बघून शालिग्रामला पुन्हा वाटायला लागलंच. म्हणून त्याने यादी केली. सौदा करण्याआधी स्वतःला प्रश्न विचारायचे, प्रत्येकाचं उत्तर फक्त हो किंवा नाही. एक जरी नाही आलं तर सौदा नाही. पहिली यादी त्याने मोठ्या हौसेने गीताबाईला वाचून दाखवली. बाजारात जोर आहे का? आवक कमी वाटते का? भाव फार वर तर गेला नाही ना? मन साथ देतं का?

गीताबाई ज्वारी निवडत होती. तिने विचारलं, "जोर म्हंजे किती?"

शालिग्रामला सांगता येईना. आज जोर आहे, हे मात्र त्याला दिसत होतं. त्याने तीच यादी पेढीवर नेली. हिंमतराव म्हणाले, जोर कुठला, बाजार मेलेला आहे. दोघांच्या समोर तोच दिवस, तोच भाव. त्याहून लाज वाटावी अशी गोष्ट पुढच्या आठवड्यात घडली. त्याने जुनाच एक कागद काढून प्रश्न पुन्हा सोडवून पाहिले, आणि त्याच रेघांना त्याने स्वतःच आधी हो दिलं होतं तिथे आता नाही दिलं. प्रश्नांची शेपटी हो-नाहीची असली, तरी आत बसलेलं होतं ते त्याचं जुनं वाटणंच.

हे त्याच्या ध्यानात आलं, आणि मला वाटतं, शालिग्रामच्या आयुष्यातली खरी हुशारी ती एवढीच. पण ती पुरेशी होती. त्याने ठरवलं की प्रश्न असा हवा, की तो कागद बघणाऱ्या कुणाही दोन माणसांनी एकच उत्तर द्यावं. ज्याला जवसातलं ओ की ठो कळत नाही त्यानेही तेच द्यावं. मग जोर हा शब्द त्याने खोडला.

त्यानंतरचे कितीतरी दिवस तो आणि गीताबाई भिंतीपुढे बसून असत. तो जुन्या रेघांवर वर्तमानपत्राचा कागद धरून पुढचे दिवस झाकायचा आणि ती उत्तरं द्यायची. मग कागद एकेक दिवस सरकवायचा आणि पुढे काय झालं ते दोघं पाहायचे. जिथे तिचं उत्तर नि त्याचं उत्तर वेगळं येई तिथे प्रश्न बदलायचा. तिला चौथीपर्यंतचं लिहिणं-वाचणं येत होतं, पण भाव वरच्या चौकटीत आहे की खालच्या, हे बघायला चौथीसुद्धा लागत नाही. घर गेल्यापासून तिच्या मनात साचलेला राग या कामात हळूहळू कुठेतरी खर्च झाला. आपल्यावरचा तिचा राग कमी झाला आहे असं मानायचं धाडस मात्र त्याला होत नव्हतं.

शेवटी सहा प्रश्न उरले. पहिला, गेल्या वीस दिवसांच्या बंद भावांची सरासरी आठवड्यापूर्वीच्या सरासरीपेक्षा वर आहे का? बाजार चढणीला आहे का, असं जे नुसतं वाटायचं त्याची जागा याने घेतली. दुसरा, आजचा बाजार त्याआधीच्या वीस दिवसांतल्या सगळ्यात उंच टोकाच्या वर बंद झाला का? मधेच वर शिवून खाली आला असेल तर ते नाहीच. बंद भावाची खूण वर हवी. तिसरा, खामगावच्या बाजारात या आठवड्याची जवसाची आवक मागच्या आठवड्यापेक्षा कमी आहे का? हा आकडा बाजार समितीच्या फळ्यावर लिहिलेला असे. चौथा, आपण चुकलो हे कोणत्या भावाला कबूल करायचं, तो भाव आधीच कागदावर लिहिला आहे का, आणि तो गेल्या दहा दिवसांच्या तळाच्या खाली आहे का? पाचवा, तो भाव आला तर होणारं नुकसान आपण भांडवलातून ठरवलेल्या वाट्याच्या आत आहे का? आणि सहावा, आजच्या भावापासून वरचं जुनं शिखर हे चूक कबूल करायच्या भावापेक्षा निदान दुप्पट लांब आहे का?

चौथ्या प्रश्नावर शालिग्राम सगळ्यात जास्त अडला होता. चुकण्याची जागा आधी लिहून ठेवायची म्हणजे जेवायला बसण्याआधीच उलटीची तयारी करण्यासारखं त्याला वाटे. गीताबाईने तो प्रश्न गाळू दिला नाही. मागच्या खेपेला तो एकच प्रश्न असता तर घर राहिलं असतं, असं ती म्हणाली, आणि त्याने तो यादीत लिहिला.

यादी कोणी चालवायची, हेही ठरलं. प्रश्न तो वाचणार, कागदाकडे बघून उत्तर ती देणार. सहा हो आले तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीवर जाऊन मुंबईला सौदा लावणार. एक नाही आलं तर दिवस संपला.

पेढीवर या यादीची भरपूर चेष्टा झाली. हिंमतराव भाव आला की विचारायचे, काय, वहिनींची परवानगी आहे का? शालिग्राम हसून घ्यायचा. दिवसांमागून दिवस नाही येत राही. कधी आवक जास्त निघायची, कधी भाव शिखराला शिवून परत फिरायचा. जे थोडे सौदे झाले त्यांतले काही बुडाले, पण लिहिलेल्या भावाला बुडाले आणि तिथेच संपले. त्याने गीताबाईला येऊन सांगितलं, तिने मान हलवली, आणि स्वयंपाक झाला. नुकसान सांगून झाल्यावर घरात नेहमीसारखी पोळी मिळते, हा शालिग्रामला नवा अनुभव होता. उरलेले सौदे फायद्याचे निघाले. दोन-चार हंगाम असेच गेले तर एखादं छोटं घर पुन्हा होईल, असं आता तिच्याही बोलण्यात यायला लागलं.

अखिती जवळ आली. उन्हं तापली. आणि त्याच सुमारास मे महिन्याचा वायदा संपत आला.

इथे जरा थांबून सांगितलं पाहिजे. वायद्याला महिना असतो. मेचा वायदा संपला की व्यापारी सप्टेंबरच्या वायद्यात जातात. दोन्ही वायदे काही काळ शेजारी शेजारी चालतात आणि वर्तमानपत्रात दोन्हीचे भाव छापून येतात. सप्टेंबरचा भाव त्या वर्षी मेपेक्षा बराच चढा होता, कारण मधल्या महिन्यांचं गोदामाचं भाडं आणि पैशाचं व्याज त्यात धरलेलं असतं. जवस तेच, बाजार तोच, फक्त भाव दुसऱ्या तारखेचा. शालिग्राम नेहमी जवळच्या वायद्याची रेघ काढायचा. मेच्या वायद्यातले सौदे आटत आले तेव्हा त्याने भिंतीवर नवा कागद डकवला आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा सप्टेंबरची रेघ ओढली. यादी झाल्यापासून वायदा बदलण्याची ही पहिलीच वेळ होती.

नवी रेघ जुन्या रेघांच्या डोक्यावरून उडी मारून वर जाऊन बसली. गेल्या वीस दिवसांतलं शिखर तिच्या पायाखाली राहिलं.

दिवेलागणीला त्याने प्रश्न वाचले. गीताबाई मांडीवर धाकटीला घेऊन कागदाकडे बघत होती. सरासरी वर होती, हो. बंद भाव शिखराच्या वर होता, तेही चांगलाच वर, हो. आवक कमी झाली होती, कारण शेतकऱ्यांचा माल आटत आला होता, हो. चूक कबूल करायचा भाव लिहिलेला होता, तळाच्या खाली होता, हो. वाटा मावला, हो. वरचं शिखर, दोन वर्षांपूर्वीचं, लांब होतं. हो.

कितीतरी दिवसांनी सहा हो आले होते. गीताबाईचा चेहरा उजळला. इतके स्वच्छ सहा पहिल्यांदाच आले, असं ती म्हणाली. मग ती उठली आणि आपण होऊन चहा टाकला.

शालिग्राम मात्र कागदाकडे बघत राहिला. जिथे दोन कागद जोडले होते तिथे, मेची शेवटची रेघ आणि सप्टेंबरची पहिली रेघ यांच्या मधे, मोकळी जागा होती. एका रात्रीत भाव एवढा चढायला मुंबईत काहीच झालेलं नव्हतं. आपण फक्त डोंगर बदलला आहे, हे त्याला रेघ ओढतानाच जाणवलं होतं. पण सहा हो आले होते. यादीत असं कुठेच लिहिलं नव्हतं की सगळ्या रेघा एकाच वायद्याच्या हव्यात. गीताबाईने चहा पुढे केला. त्याने तो घेतला, आणि काही बोलला नाही.

त्याच्या मनात काय आलं असेल, ते सांगायला नकोच. आपणही माणसं आहोत. अखितीला आठच दिवस राहिले होते. हा सौदा लागला तर निवृत्तीभाऊ दारात उभे असताना त्यांना सांगता येणार होतं की घराचं जमतं आहे. आणि नियम कुठे मोडत होता? तिने स्वतः बघितलं, तिने स्वतः हो म्हटलं. उद्या बुडालं तरी त्याला कुणी काही बोलू शकत नव्हतं. नेमकं हेच त्याला घशाखाली उतरेना.

सकाळी तो पेढीवर गेला तेव्हा हिंमतरावांनी मुंबईचा फोन मागून ठेवला होता. शालिग्रामचे सहा हो आले हे त्यांना त्याच्या चालण्यावरूनच कळलं म्हणे. त्यांनाही बाजार गरम वाटत होता. ते स्वतःही घेणार होते. फोन लागेपर्यंत वेळ होता. पेढीच्या कोपऱ्यात पुड्या बांधायला ठेवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. शालिग्राम त्याच्यापुढे बसला आणि गेल्या वीस दिवसांचे अंक शोधायला लागला. हिंमतरावांनी विचारलं, काय हरवलं? तो म्हणाला, काही नाही.

त्याने त्या अंकांतला मेचा रकाना सोडून शेजारचा सप्टेंबरचा रकाना वाचला. तो रकाना त्याने आजवर कधी वाचलाच नव्हता. सप्टेंबरचा वायदा पंधरवड्यापूर्वीच कालच्यापेक्षा वर जाऊन आला होता. एकदा नाही, तीनदा. कालचा बंद भाव त्याच्या स्वतःच्या शिखराच्या खाली होता, मधल्या भागात, कुठेच नाही असा. दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर नाही होतं. सरळ, कुणालाही दिसेल असं नाही.

फोन वाजला. हिंमतरावांनी आपला सौदा सांगितला आणि रिसीव्हर त्याच्याकडे केला.

"बोल शालिग्राम. लाइन जाईन."

शालिग्रामने हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. "माझा आज नाही," तो म्हणाला.

"काऊन बे? सहा हो हायेत ना तुह्ये?"

"पाच हायेत, हिंमतराव. एक म्या चुकीचं काढलं."

हिंमतरावांनी मुंबईला सांगितलं की आज एवढंच, आणि फोन ठेवला. त्याच्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू याची तब्येत बरी नाही. ओट्यावरच्या मंडळींना दिवसभर बोलायला विषय मिळाला. शालिग्राम दुपारपर्यंत तिथे बसून राहिला, कारण घरी जाऊन काय सांगायचं हे त्याला सुचत नव्हतं.

सांगितलं त्याने. संध्याकाळी दोन्ही कागद भिंतीवरून काढून तिच्यापुढे ठेवले. मे म्हणजे काय आणि सप्टेंबर म्हणजे काय, ते दोन टोपल्यांतल्या वांग्यांवरून समजावलं. आजची टोपली आणि पुढच्या बाजाराची टोपली, दोन्हींचा भाव सारखा नसतो. एकीचा भाव दुसरीच्या रेघेला जोडला तर वांगी महागली असं दिसणार. गीताबाईला ते लगेच कळलं, मळ्यातलीच ती.

"म्हंजे मी हो म्हटलं ते खोटं होतं?"

"तुव्हं नाही. रेघ खोटी होती. आन ती मले काल रातच्यालेच दिसली होती." एवढं बोलून तो थांबला. मग उरलेलं बोलला, कारण अर्धं सांगणं म्हणजे न सांगणंच होतं. "दिसली तरी म्या चाय पेलो, आन तुले काही सांगतलं नाही."

गीताबाईने यादी जवळ ओढली. मग पेन्सिल घेतली आणि यादीच्या अगदी वर, पहिल्या प्रश्नाच्याही आधी, तिच्या चौथीच्या अक्षरात लिहिलं की सगळ्या रेघा एकाच वायद्याच्या आहेत का. शालिग्रामने जुन्या अंकांतून सप्टेंबरच्या रेघा नव्याने काढल्या. डोंगर पुन्हा उभा राहिला, पण हा दुसराच होता, चपटा. त्याच्या रात्रीच्या गप्प राहण्यावर ती काहीच बोलली नव्हती, आणि तेच त्याला खात होतं.

आता गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. शालिग्रामने खरं केलं, बाजार पडला, हिंमतरावांना पश्चात्ताप झाला, असं मीही आनंदाने सांगितलं असतं. पण बाजाराला गोष्टी ऐकायची सवय नाही. जवस चढलं. दुसऱ्या दिवशी चढलं, तिसऱ्या दिवशी आणखी चढलं, आणि नव्या चित्रातलं खरं शिखर ओलांडून गेलं. त्या दिवशी यादी लावून पाहिली, तर चूक कबूल करायचा भाव आता इतका खाली राहिला होता की ठरवलेला वाटा मावेना. पाचव्या प्रश्नाला नाही. हिंमतरावांनी ओट्यावर सगळ्यांना पेढे वाटले. एक शालिग्रामच्या हातावर ठेवून ते म्हणाले की लेका, वाटलं होतं ना तुला, मग कशाला चित्रं काढत बसतोस. ते प्रेमाने म्हणाले. ते त्याहून वाईट लागलं.

शालिग्रामने पेढा खाल्ला. गोड होता. घरी येताना तो विचार करत होता, की कागदाच्या जोडावर गप्प राहिलो असतो तर आज घराची गोष्ट बोलत घरी गेलो असतो. रेघ चुकीची होती, हो चुकीचं होतं, आणि तरी पैसे खरे मिळाले असते. हे त्याला बराच वेळ पचलं नाही. जे न कळता बरोबर येतं ते पुढच्या खेपेला न कळताच चूक येतं, एवढं त्याला घर गमावून कळलेलं होतं. पण कळणं वेगळं आणि पेढा खाणं वेगळं.

अखितीच्या आदल्या दिवशी निवृत्ती आला. गीताबाईचा थोरला भाऊ, उंद्रीचा मळेवाला, उंच, शांत. चिखली-खामगाव गाडीने आला, तर गाडीत सगळं जवसाचंच बोलणं चाललं होतं म्हणे. त्याने पिशवीतून काकड्या आणि कोथिंबीर काढून ठेवली, मुलींना जवळ घेतलं आणि पाणी पिऊन झाल्यावर बहिणीला विचारलं की, जवाईबुवांनी या तेजीत बरं केलं असेल.

शालिग्राम दाराच्या चौकटीत उभा होता. त्याला आत यावंसं वाटेना आणि बाहेरही जावंसं वाटेना. कोनाड्याखाली तिची पेटी बांधून ठेवलेली दिसत होती. मुलींचे सगळे कपडे त्यात आहेत की चार दिवसांचे, हे तिने सांगितलं नव्हतं आणि त्याला विचारायचं धैर्य झालं नव्हतं.

"काहीच नाही केलं," गीताबाई म्हणाली. "माह्या तोंडून हो निघालं होतं, दादा. ते चूक हाय हे मले कधीच समजलं नसतं. यायनं येऊन सांगतलं."

निवृत्तीला ते नीट कळलं नसावं. तो गोंधळून म्हणाला, "मंग नुकसानच झालं म्हणा की."

"झालं." तिने कोथिंबिरीची जुडी सोडली आणि निवडायला घेतली. "मांगच्या टाइमले घर गेलं ते लोकायकून समजलं. या टाइमले न भेटलेलं बी घरातच समजलं."

निवृत्तीने बांधलेल्या पेटीकडे पाहिलं. घर विकल्याचं कळलं तेव्हा त्यानेच बहिणीला सांगितलं होतं की खोली तयार आहे, केव्हाही ये. मळ्यातली ती खोली त्याने यंदा सारवून ठेवली होती. तो हलक्या आवाजात म्हणाला, की मग सामान बघून बैलगाडी फाट्यावर बोलवायची का, तसं आजच कळवावं लागेल.

गीताबाईने मान वर केली. शालिग्राम दारात आहे हे तिला माहीत होतं, पण ती भावाकडेच बघत बोलली.

"नोको गाडी. एक पेटी हाय. सणापुरती येते, दादा. राहाले नाही."